रखडलेल्या फिनिशिंगबद्दल ठेकेदाराला पत्र: तारीख नको, कामांचा क्रम मागा

प्रश्न: घराचं फिनिशिंगचं काम दीड महिना रखडलंय. ठेकेदार दर वेळी ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणतात. संबंध न बिघडवता नवीन वेळापत्रक मागणारं पत्र कसं लिहावं?

उत्तर:

मी अशा वेळी लिहिलेलं पहिलं पत्र फुकट गेलं होतं, म्हणून आधी ते सांगते. घराचा ताबा १५ एप्रिलला ठरला होता. मे उजाडला तरी रोज दोन-तीन माणसं यायची, काहीतरी ठोकाठोक करायची आणि निघून जायची. मी वैतागून लिहिलं, ‘उशिरामुळे आम्हाला फार त्रास होतोय, काम नक्की कधी संपेल ते लेखी कळवा.’ उत्तर एका ओळीत आलं: १० जूनपर्यंत सगळं होईल. ‘कधी संपेल’ असं विचारलं की समोरचा एक तारीख फेकतो आणि ती खरी की खोटी हे ती उलटून जाईपर्यंत कळत नाही.

फिनिशिंगची कामं एकमेकांवर अडकलेली असतात. ‘रंग बाकी’ असं दिसतं, पण रंग अडलेला असतो दुसऱ्याच कशामुळे तरी. त्यामुळे पत्र लिहायला बसण्याआधी वही घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खोलीत दारातून शिरून भिंतीच्या कडेने एक फेरी मारा आणि जे अपुरं आहे ते लिहा. मग प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारा: हे उद्या सकाळी सुरू करता येईल का? नसेल, तर कशासाठी थांबलंय?

मी फिरले तेव्हा एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच ठिकाणी जाऊन अडकल्या होत्या, बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये. बेडरूमच्या बाजूने त्या सामाईक भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तळहाताएवढा करडा डाग होता. रंगाऱ्याला त्यावर पुट्टी मारायला सांगितलेलं होतं. मी त्या डागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले होते. थेंब बाहेरच्या अंगाला असते तर ती खोलीतल्या हवेची ओल म्हणता आली असती. आत आले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं.

कारण सापडलं ते बाथरूमच्या जमिनीवरचं पाणी जिथून निचरतं त्या नहाणी ट्रॅपपाशी. ट्रॅपच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग नीट बसलं नव्हतं. पाणी साठवून घ्यायची चाचणी केली होती का, असं विचारल्यावर कोणालाच सांगता येईना. आता साखळी बघा. ट्रॅपची दुरुस्ती झाल्याशिवाय चाचणी नाही, चाचणीशिवाय जमिनीच्या टाइल्स नाहीत, टाइल्स बसल्याशिवाय शॉवरच्या काचेचं माप घेता येत नाही, आणि काच मापानुसार बनून येते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात तयार मिळत नाही. तिकडे बेडरूमची भिंत वाळल्याशिवाय पुट्टी नाही. या सगळ्यापुढे १० जून ही तारीख टिकणारच नव्हती. आणि ती टिकवण्यासाठी मी हट्ट धरला असता तर ओल्या भिंतीवर रंग बसला असता आणि काही महिन्यांत फुगून पोपडे धरले असते.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची. बाथरूमचे नळ आणि दारांची हँडल्स निवडून देणं माझ्याकडे होतं आणि मी ते दिलेलं नव्हतं. पत्रात हे स्वतःहून लिहा. ते लपवलं तर उत्तरात पहिलं वाक्य तेच येतं आणि बाकीचा मुद्दा बाजूला पडतो.

मग २७ मे रोजी हे दुसरं पत्र लिहिलं. नावं काढून जसंच्या तसं देते:

> विषय: उर्वरित फिनिशिंग कामांचं सुधारित वेळापत्रक मिळण्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या करारानुसार घराचं काम १५ एप्रिलपर्यंत पूर्ण व्हायचं होतं. आज त्याला सहा आठवडे झाले. आतापर्यंत झालेलं सुतारकाम आणि हॉलमधली फरशी आम्हाला पसंत आहे. हे पत्र उरलेल्या कामापुरतं आहे.
>
> २५ मे रोजी खोलीनिहाय पाहणी करून उर्वरित कामांची यादी सोबत जोडली आहे. यादीत काही सुटलं असेल किंवा एखादं काम आपल्या कराराबाहेरचं असेल, तर तसं नोंदवावं.
>
> बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमच्या भिंतीतून ओल येत आहे. फोटो जोडले आहेत. ट्रॅपभोवतीची दुरुस्ती, त्यानंतर ४८ तास पाणी साठवून चाचणी आणि आम्ही स्वतः पाहून होकार दिल्यावरच जमिनीच्या टाइल्स, असा क्रम ठेवावा. भिंत कोरडी झाल्याची खात्री होईपर्यंत बेडरूमच्या बाजूने पुट्टी लावू नये.
>
> आमच्याकडून नळ आणि दारांची हँडल्स यांची निवड बाकी आहे. ती ३० मे पर्यंत कळवतो. आमच्याकडून आणखी काही निर्णय हवे असतील तर कोणता, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहावं.
>
> आपल्याला विनंती आहे की १ जूनपर्यंत सुधारित वेळापत्रक लेखी पाठवावं. त्यात प्रत्येक कामाची सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, ते कोणत्या कामानंतर सुरू होईल, वाळण्यासाठी किंवा सुकण्यासाठी ठेवलेले दिवस, आणि बाहेरून यायच्या वस्तूंची ऑर्डर दिल्याची व येण्याची तारीख असावी. आधीच्या तारखा का चुकल्या तेही थोडक्यात कळवावं, म्हणजे तीच अडचण पुन्हा येणार नाही.
>
> पुढचा हप्ता करारात ठरल्याप्रमाणे त्या टप्प्याचं काम पूर्ण झाल्यावर वेळेवर देऊ. सुधारित तारखा मान्य केल्या म्हणजे मूळ करारातली मुदत किंवा आमचे हक्क आम्ही सोडले असा अर्थ होऊ नये.
>
> दर शनिवारी सकाळी जागेवर अर्धा तास भेटून आठवड्याचं काम ताडून पाहू. ही वेळ सोयीची नसेल तर दुसरी सुचवावी.
>
> आपला विश्वासू,

यातल्या दोन वाक्यांबद्दल थोडं सांगायला हवं. एक, हक्क न सोडण्याचं वाक्य. तुम्ही नवीन तारखा निमूट मान्य केल्या तर पुढे ‘मुदत तुम्हीच वाढवून दिली’ असं म्हटलं जाऊ शकतं. तुमच्या करारात उशिरासाठी दंडाचं कलम असेल आणि ते वापरायची वेळ येईल असं वाटत असेल, तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. नोटीस कोणत्या पद्धतीने पाठवायची हेही अनेक करारांत लिहिलेलं असतं. बऱ्याचदा साधा मेसेज त्यात बसत नाही.

दुसरं वाक्य हप्त्याचं. झालेल्या कामाचे पैसे अडवून ठेवायचा मोह होतो. माझ्या मते ते चुकीचं आहे, आणि त्याने काम आणखी रखडतं, कारण ठेकेदार त्याच पैशांतून सुताराला आणि रंगाऱ्याला देत असतो. पण न झालेल्या टप्प्याचे पैसे ‘माल आणायचाय’ म्हणून आगाऊ देऊ नका. खरंच अडचण असेल तर त्या वस्तूचं बिल मागून थेट पुरवठादाराला द्या आणि हप्त्यातून वळतं करा, तेही लेखी ठरवून.

वेळापत्रक आल्यावर ते वाचायचं कसं? मला आधी आलेल्या कागदावर एकोणीस कामांपुढे एकच शेवटची तारीख होती. असं दिसलं की समजायचं, बसून विचार केलेला नाही. दुसरी खूण म्हणजे वाळण्याचे दिवस शून्य. वॉटरप्रूफिंगचा थर लावल्यावर किती दिवस थांबायचं हे त्या डब्यावरच छापलेलं असतं, ते वाचून ताडून पाहा. टाइल्स बसवल्यावर साधारण एक दिवस तरी त्यावर पाय न ठेवता सोडावा लागतो, मग टाइल्समधल्या फटी भरायचं ग्राउट. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर रंगाआधी जवळपास महिनाभर जाऊ देतात. आणि तिसरी खूण, रंगाचा शेवटचा हात टाइल्स कापण्याच्या किंवा पॉलिश पेपर घासण्याच्या आधी धरलेला असणं. त्या धुळीने ओला रंग खरखरीत होतो आणि भिंत पुन्हा घासावी लागते.

तो कागद मी परत पाठवला, फोनवर बोलले, आणि जे ठरलं ते त्याच संध्याकाळी लिहून कळवलं. मग जो क्रम आला तो असा होता. २ आणि ३ जूनला ट्रॅपची दुरुस्ती आणि थर, ८ जूनपर्यंत तो सुकू द्यायचा, ८ ते १० पाणी साठवून चाचणी. ११ आणि १२ ला टाइल्स, १४ पर्यंत ग्राउट, १५ ला काचेचं माप, २५ ला काच. बेडरूमच्या भिंतीवर २० जूनला पुन्हा प्लास्टिक लावून बघायचं, कोरडं निघालं तर पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. शेवटचा हात काच बसल्यावर, २८ आणि २९ ला. ३० जूनला साफसफाई. आधी सांगितलेल्या १० जूनपेक्षा वीस दिवस जास्त होते, तरी मला या कागदाने पहिल्यांदा झोप लागली, कारण यातला प्रत्येक दिवस कशासाठी आहे ते दिसत होतं.

चाचणीच्या वेळी पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. बाष्प होऊन पाणी किंचित खाली जातं, तेवढं चालतं. पण पातळी बोटभर उतरली किंवा पलीकडची भिंत गडद झाली, तर चाचणी नापास समजा आणि पुढची सगळी तारीख सरकवा. आमच्याकडे या वेळी रेघ जवळजवळ जागेवर राहिली. २० तारखेला प्लास्टिकही आतून कोरडं निघालं.

काच मात्र पाच दिवस उशिरा आली. हे आम्हाला २० जूनच्या शनिवारच्या भेटीतच कळलं, कारण ऑर्डरची तारीख कागदावर होती आणि मी ती विचारली. त्यामुळे रंगाऱ्याला त्या दिवसांत दुसरीकडे जायला सांगता आलं, तो रिकामा बसला नाही आणि ठरलेल्या दिवशी परत आला. काम ५ जुलैला संपलं.

तुमच्या यादीत रंग किंवा ओटा अडलेला दिसत असेल, तर पत्र लिहिण्याआधी उद्या सकाळी तिथे जाऊन तो कशामुळे अडलाय तेवढं आधी शोधा. पत्रातला तिसरा परिच्छेद तिथूनच मिळेल.