तीनने केलेला पडताळा

प्रश्न: अंशात आणि छेदात दोन्हीकडे अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी असेल तर वरचे-खालचे आधी वेगवेगळे सोडवायचे, की सगळ्याला एकदम लसाविने गुणायचे? माझे उत्तर दर वेळी वेगळे येते.

एकदम गुणावे, पण वर आणि खाली एकाच राशीने गुणावे. या 'एकाच' शब्दावरून ठाण्याला नौपाड्यातल्या एका शिकवणीत, अकरावीत असताना, माझा सरांशी वाद झाला होता आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. उदाहरण हे होते:

(x/(x−2) − 4/(x²−2x)) / (1 + 2/x)

x²−2x चे अवयव x(x−2) असे पडतात. सरांनी फळ्यावर अंशाला त्याच्या लसाविने, म्हणजे x(x−2) ने गुणले आणि छेदाला त्याच्या लसाविने, म्हणजे नुसत्या x ने. वर x²−4 आले, खाली x+2 आले, आणि उत्तर x−2 निघाले. मी दोन्हीकडे x(x−2) नेच गुणले होते. त्यामुळे माझ्या छेदात x(x−2) + 2(x−2), म्हणजे (x−2)(x+2), म्हणजेच x²−4 आले आणि उत्तर 1 निघाले. (इथे छेदातल्या एकट्या 1 ला गुणायचे बरेच जण विसरतात, कारण तो अपूर्णांकासारखा दिसत नाही.)

सरांनी पडताळा म्हणून x = 3 घेतले. वर 3 − 4/3, म्हणजे 5/3, खाली 1 + 2/3, म्हणजे तेही 5/3, भागाकार 1. त्यांचे x−2 सुद्धा 1. "माझे बरोबर आहे, तुझे योगायोगाने जुळले," असे सांगून त्यांनी फळा पुसला. प्रत्यक्षात योगायोग त्यांचाच होता. वर x(x−2) ने आणि खाली x ने गुणल्यामुळे मूळ राशीची किंमत x−2 पट झाली होती, आणि x = 3 ला ती पट नेमकी 1 असते. घरी जाताना स्टेशनच्या पुलावर मी तोंडी x = 4 घालून पाहिले: वर 2 − 1/2, खाली 1 + 1/2, भागाकार पुन्हा 1, आणि x−2 मात्र 2. दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर "शिकवलेल्या रीतीने कर" एवढेच उत्तर मिळाले. तुमची उत्तरे बदलतात ती बहुधा याच कारणाने, म्हणून पडताळा निदान दोन किमतींनी करावा.

वेगवेगळे सोडवण्याची रीत चुकीची नाही, हेही सांगायला हवे. वरचा आणि खालचा छेद अगदीच वेगळे असतील तर समाईक लसावि अवजड होतो. तेव्हा दोन्हीकडे एकेक अपूर्णांक करून खालचा उलटा करून गुणणे सोपे जाते. मात्र त्या रीतीत छेद पुसून टाकायचे नसतात, ते शेवटपर्यंत सोबत न्यायचे असतात. शिवाय उत्तर 1 असले तरी x ची किंमत 0, 2 किंवा −2 चालत नाही; −2 ला तर मूळ राशीचा अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात. ही अट त्या दिवशी मीही लिहिली नव्हती, आणि त्यासाठी सरांनी अर्धा गुण कापला असता तर माझी काही तक्रार नव्हती.