कोर्सचा रिफंड मंजूर, पण हप्ता कापला जातोच आहे

प्रश्न: कर्ज काढून कोर्स घेतला होता. कोर्सच्या कंपनीने रिफंडला होकार दिला, मेलही आला. तरी ५ तारखेला खात्यातून हप्ता गेला. बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करू का?

उत्तर: आत्ता करू नका. कर्ज कोर्सवाल्याने नाही, फायनान्स कंपनीने दिलंय. तिच्या खात्यात रिफंड जमा होऊन कर्ज बंद होईपर्यंत हप्ता देणं तुमच्याच नावावर असतं.

आमच्या दारव्ह्याकडच्या भाच्याने घाई केली. ६०,००० चं कर्ज, ५,००० चे बारा हप्ते, दोन भरलेले. मेल येताच त्याने बँकेत ऑटो-डेबिटचं मँडेट रद्द केलं. तिसरा हप्ता थकला, दंड लागला आणि सिबिलवर थकबाकी चढली. पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला तेच आडवं आलं.

म्हणून तो मेल कर्ज क्रमांकासह फायनान्स कंपनीला पाठवा आणि कर्ज बंद करायची लेखी मागणी करा. कोर्सवाल्याकडून पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर घ्या. नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" चालत नाही. भरलेले हप्ते तुम्हाला परत मिळणार का, तेही लेखी विचारा. भाच्याचे १०,००० वेगळे मागावे लागले.

तोवर खात्यात हप्त्यापुरते पैसे ठेवा. सोयाबीनचे पैसे यायचे असले तर हे जड जातं, माहीत आहे. कर्ज बंद झाल्याची एनओसी हातात आली की मग मँडेट रद्द करा. तक्रारीवर फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार टाका.