वॉचडॉगची मर्यादा वाढवण्याआधी

यंत्र चालवणाऱ्या पीएलसीच्या प्रोग्रामची एक फेरी, म्हणजे स्कॅन, ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही तर वॉचडॉग फॉल्ट देतो. वॉचडॉगची १५० मिलिसेकंदांची मर्यादा वाढवल्यास फॉल्ट थांबेल, पण संथ भाग तसाच राहील. म्हणून आधी सरासरीऐवजी कमाल स्कॅन टाइम पाहावा. माझ्या एका प्रोग्राममध्ये सरासरी १२ आणि कमाल १४० मिलिसेकंद होती, म्हणजे दोष क्वचित चालणाऱ्या भागात होता. यंत्र थांबवून (हे अत्यावश्यक आहे, कारण बंद केलेल्या भागातील आउटपुट शेवटच्या स्थितीत अडकू शकतात) मी एकेक सबरुटीन वगळले, दर वेळी कमाल नोंद पुसली आणि सर्व बटणे पुन्हा दाबून पाहिली. रेसिपी शोधणारे सबरुटीन वगळताच कमाल १५ वर आली. त्यातील फॉर लूप एकाच स्कॅनमध्ये ५,००० नोंदी तपासत होता. आता तो प्रत्येक स्कॅनला १०० नोंदी तपासून पुढचा क्रमांक जपून ठेवतो. शोधाला पाऊण सेकंद लागतो, पण कमाल १६ च्या वर जात नाही.