डेटिंग ॲपवर पहिला मेसेज काय टाकू?

प्रश्न: मॅच होतात पण मी 'हाय' टाकलं की पुढे काहीच येत नाही, नेमकं लिहू काय?

'हाय'ला उत्तर काय देणार ना समोरची, परत 'हाय'च, म्हणजे सगळं बोलणं सुरू करायचं काम तिच्यावर ढकललंस. मी ठाण्याचा, वर्षभर हेच केलंय.

समज तिच्या एका फोटोत नेरूळची खाडी आहे, गळ्यात दुर्बीण, मागे फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. यावर 'भारी फोटो' लिहिलंस तर ती 'थँक्स' म्हणेल आणि विषय संपला. त्यापेक्षा असं काहीतरी टाक:

"फ्लेमिंगो बघायला मी एकदा ऐरोलीला गेलेलो पण नेमकी भरती होती, एक पक्षी दिसला नाही, नुसते डास चावले 😅 तू भरती-ओहोटीची वेळ बघून जातेस की नशिबावर?"

यात तिच्याच फोटोतली गोष्ट आहे, थोडी तुझी फजिती आहे (खरी असेल तरच हां, भेटल्यावर पकडला जाशील) आणि प्रश्न एकच, जो तिला लोकलमध्ये उभ्या-उभ्या दोन ओळीत उत्तर देता येईल असा. तीन प्रश्न टाकलेस की इंटरव्ह्यू वाटतो. दिसण्यावर कमेंट पहिल्याच मेसेजला नकोच, तसले तिला ढीगभर येत असतात.

लिहून झालं की एक चेक कर, हाच मेसेज दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा पाठवता येतोय का? येत असेल तर परत लिही. आणि प्रोफाईलमध्ये नुसते सेल्फी, एक ओळ पण नाही, तिथे ही ट्रिक चालत नाही. एवढं करूनही उत्तर नाही आलं तर 'हॅलो??' करत मागे लागू नकोस.