एका स्विचवर चौघांचे युजर करताना जुना युजर कोणाला द्यायचा?

> घरात एकच निंटेंडो स्विच आहे, खेळणारे चौघं. सगळं माझ्या एकाच युजरवर चालतं. मोठीचा झेल्डा अर्ध्यापर्यंत आलाय, अ‍ॅनिमल क्रॉसिंगचं बेटही तिचंच. परवा धाकटा झेल्डात New Game दाबायला निघाला होता, थोडक्यात वाचलं. प्रत्येकाचं वेगळं कसं करायचं? गेम परत विकत घ्यावे लागतील का? आणि तिचा सेव्ह तिच्या नव्या युजरवर हलवता येईल का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. नाही, हलवता येत नाही. स्विचवर सेव्ह ज्या युजरखाली तयार झाला त्याच युजरचा राहतो. एकाच कन्सोलवर एका युजरकडून दुसऱ्याकडे सेव्ह नेण्याची सोयच नाही. सेव्ह ट्रान्सफरचा जो पर्याय दिसतो तो एका कन्सोलवरून दुसऱ्या कन्सोलवर नेण्यासाठी आहे, आणि तिथेही अकाउंट तेच लागतं. म्हणून घाईघाईत मुलीच्या नावाचा नवा युजर उघडून तिला तिथे बसवू नका. तिला झेल्डा पहिल्यापासून सुरू करावा लागेल, आणि तिचं सगळं जुन्या आयकॉनखाली तसंच पडून राहील.

उलटं करा. जुना युजर मुलीला द्या आणि नवे युजर बाकी तिघांसाठी उघडा, तुमच्यासाठीसुद्धा. युजरचं नाव आणि चित्र कधीही बदलता येतं, त्याने सेव्हला धक्का लागत नाही. System Settings मध्ये Users वर जा, आत्ताचा युजर उघडा, टोपणनाव बदलून तिचं नाव घाला आणि चित्र तिलाच निवडू द्या. चित्राची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. लहान मुलं नाव वाचत नाहीत, चित्र बघून बटण दाबतात. आमच्याकडे दोन भावांनी एकाच रंगाची, जवळजवळ सारखी चित्रं घेतली होती आणि आठवडाभर दोघं एकमेकांच्या गेममध्ये शिरत होते. चौघांची चित्रं लांबून, सोफ्यावरून वेगळी ओळखू यायला हवीत.

यात एकच अडचण आहे. त्या जुन्या युजरला तुमचं निंटेंडो अकाउंट जोडलेलं असणार, म्हणजे मुलीच्या चित्राखाली तुमची खरेदी आणि कदाचित तुमचं कार्डही आहे. जोडलेलं अकाउंट काढायचं तर युजरच हटवावा लागतो, आणि युजर हटवला की त्याचे कन्सोलवरचे सगळे सेव्ह जातात. तेव्हा तो मार्ग विसरा. अकाउंट तसंच राहू द्या, पण ई-शॉपमध्ये पासवर्ड दरवेळी विचारला जाईल अशी सेटिंग करा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. खेळणं तिचं, खरेदी तुमची, असं ते छान चालतं.

आता नवे युजर. System Settings, मग Users, मग Add User. चित्र निवडा, नाव टाका. पुढे अकाउंट जोडायचं का असं विचारलं जाईल, तिथे नंतर करू म्हणून पुढे जाता येतं. सेव्ह वेगळे राहायला अकाउंट लागत नाही. ऑनलाइन खेळायचं असेल, ई-शॉप वापरायचं असेल किंवा सेव्हची क्लाउडवर प्रत हवी असेल तरच ते लागतं. नंतर कधी जोडलंत तरी तोपर्यंतचे सेव्ह तसेच राहतात. एका कन्सोलवर आठ युजर बसतात, त्यामुळे चौघांना जागा भरपूर आहे. पाहुण्या मुलांसाठी एक पाचवा युजरही उघडून ठेवा, म्हणजे आलेलं मूल कोणाच्या तरी चित्रावर बोट ठेवणार नाही.

गेम परत घ्यावे लागत नाहीत. कार्ट्रिज असेल तर ते घातल्यावर कोणत्याही युजरने खेळा. तुमच्या अकाउंटवर डाउनलोड केलेला गेमही तुमच्या या कन्सोलवर बाकीचे युजर खेळू शकतात. बरेच जण इथे एक गोष्ट चुकीची धरून चालतात: सेव्ह कार्ट्रिजमध्ये नसतो आणि मेमरी कार्डावरही नसतो, तो कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो. म्हणजे धाकटा कार्ट्रिज घेऊन मित्राकडे गेला तर ताईचा सेव्ह घरीच सुरक्षित आहे. पण कन्सोलच बिघडला तर कार्ट्रिज हातात असूनही सेव्ह गेला. मुलीचा झेल्डा इतका पुढे गेलाय, तर ऑनलाइन सदस्यत्व घेऊन निदान तिच्या युजरची क्लाउड प्रत ठेवणं मला तरी योग्य वाटतं. एकट्याचं सदस्यत्व त्या एका अकाउंटपुरतंच असतं, सगळ्यांना हवं असेल तर फॅमिलीचं घ्यावं लागतं.

इथवरचं काम दहा मिनिटांचं आहे. खरा घोळ त्यानंतर होतो, तोही स्लीप मोडमुळे.

स्विच युजर कधी विचारतो? गेम सुरू करताना, एकदाच. त्या क्षणी जो आयकॉन निवडला, त्याच्या नावावर गेम बंद होईपर्यंत सगळं चालतं. मुलगी खेळता खेळता जेवायला उठली, तिने पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली. तिच्या लेखी खेळ संपला. पण गेम बंद झालेला नाही, तो तिच्याच नावावर थांबून राहिलाय. धाकटा येतो, कन्सोल उठवतो आणि समोर थेट चालू झेल्डा. कोण खेळतंय हे कोणी विचारतच नाही, कारण ते आधीच विचारून झालंय. तो तिची शस्त्रं मोडतो, रुपये उधळतो, गेम आपोआप सेव्ह होत राहतो. मग दोघांची भांडणं, आणि तुम्हाला वाटतं की प्रोफाइल चालतच नाहीत. प्रोफाइल व्यवस्थित चालतायत, फक्त गेम बंद झाला नव्हता.

यावर उपाय एकच, तो दोघांनाही सवयीने यायला हवा. ज्याचं खेळून झालं त्याने आधी गेममध्ये सेव्ह करायचं, मग होम बटण दाबायचं, गेमच्या चित्रावर असताना X दाबून तो बंद करायचा आणि मगच कन्सोल ठेवायचा. पुढच्याने गेम उघडला की चार चित्रं समोर येतात. आलीच नाहीत, थेट खेळ दिसला, तर समजायचं की आधीचं कोणीतरी अजून आत आहे. मी असतो तर धाकट्याला एवढंच शिकवलं असतं: चित्रं दिसली नाहीत तर काही दाबू नकोस, ताईला हाक मार. कारण त्याने स्वतःच X दाबून गेम बंद केला आणि ताईने सेव्ह केलेलं नसेल, तर तिचा शेवटच्या सेव्हनंतरचा खेळ गेला.

हेही माहीत असू द्या की स्विचवर युजरला कुलूप नाही. कोणीही कोणाचंही चित्र निवडू शकतं. पालकांसाठीचे निर्बंध पूर्ण कन्सोलला लागतात, एकेका युजरला नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर मुलीचा सेव्ह राखता येणार नाही. प्लेस्टेशन ५ वर युजरला पासकोड घालता येतो, एक्सबॉक्सवरही येतो. इथे मुलांशी बोलूनच ठरवावं लागतं.

आता अ‍ॅनिमल क्रॉसिंग, कारण हा गेम बाकीच्यांपेक्षा वेगळा वागतो आणि ते आधी कळलं नाही तर मुलगा रडेल. या गेममध्ये बेट युजरचं नसतं, कन्सोलचं असतं. एका कन्सोलवर एकच बेट. धाकट्याने स्वतःच्या नव्या युजरवरून गेम उघडला तर त्याला नवं बेट मिळणार नाही, तो ताईच्याच बेटावर दुसरा रहिवासी म्हणून तंबू टाकेल. त्याचं पात्र, घर, खिशातल्या वस्तू वेगळ्या राहतील, पण झाडं, फुलं, दुकानं सामायिक. बेट ज्याने सुरू केलं तो मुख्य रहिवासी, आणि बेटाची बरीचशी प्रगती त्याच्याच हातून होते. हे पद दुसऱ्याला देता येत नाही. तुमच्याकडे बेट जुन्या युजरवर सुरू झालंय, म्हणून जुना युजर मुलीला देण्याचं हे दुसरं कारण. ताईने लावलेली फुलं तोडायची नाहीत, असले नियम तुम्हालाच घरात घालून द्यावे लागतील, युजर वेगळे करून ते सुटत नाही.

पोकेमॉन सोर्ड किंवा शील्ड कधी आणलात तर तिथे अगदी उलट आहे. एका युजरला एकच सेव्ह, आणि तो असला की गेम थेट त्यातच शिरतो, नवा खेळ सुरू करायला मेनूत पर्याय दिसत नाही. लोक मग सेव्ह पुसायच्या मागे लागतात. नव्या युजरवरून उघडलं की काम झालं.

दोघं मिळून खेळायच्या गेममध्ये प्रगती साधारणपणे ज्याच्या नावावर गेम उघडला त्याच्याकडे जमा होते. मारिओ कार्ट 8 डिलक्समध्ये दोघांनी मिळून जिंकलेला कप ज्याने गेम उघडला त्याच्या खात्यात दिसेल. त्यामुळे आज कोणाच्या नावावर, हे कंट्रोलर हातात घेण्याआधी विचारून घ्या.

फोटो मात्र वेगळे होत नाहीत. अल्बम चौघांचा एकच राहतो.

सगळं झाल्यावर धाकट्याला खेळायला देण्याआधी एकदा तपासून बघा. झेल्डा पूर्ण बंद करा. धाकट्याच्या चित्रावरून उघडा. सुरुवातीच्या मेनूत Continue नसायला हवं, फक्त नव्याने सुरू करायचं दिसायला हवं. ते दिसलं तर तो रिकाम्या जागेत आहे, New Game बिनधास्त दाबू द्या. Continue दिसलं तर तिथेच थांबा, होम दाबा, X ने गेम बंद करा. बहुधा चित्र चुकलंय किंवा गेम आधीच चालू होता. शेवटी गेम पुन्हा बंद करून मुलीच्या चित्रावरून उघडा आणि तिला स्वतःला बघू द्या की तिचा शेवटचा सेव्ह जिथे होता तिथेच आहे.