पुढच्या स्लॅबला किती गुण कमी पडले?

गुणांवर मिळणाऱ्या फी सवलतीचा तक्ता टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतो, पण तू अंतर गुणांत मोज. ‘सव्वा टक्काच कमी’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

समज, ६०० पैकी ५०३ मिळाले, म्हणजे ८३.८३ टक्के. पुढचा स्लॅब ८५ पासून आहे. ६०० चे ८५ टक्के ५१०, म्हणजे ७ गुण कमी. अशा गणितात लागणारे गुण अपूर्णांकात आले तर वरचा पूर्ण आकडा धर. पण मिळालेल्या ८४.८३ टक्क्यांना लोक मनातल्या मनात ८५ करून टाकतात. पूर्णांकन चालतं का, हे नियमात लिहिलेलं असेल तरच धर.

आता खरी मेख. टक्केवारी सगळ्या विषयांची की सर्वोत्तम पाचांची? वरच्या उदाहरणात सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुण ७१ असतील, तर उरले ५०० पैकी ४३२, म्हणजे ८६.४. स्लॅब आधीच गाठलेला! म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्याआधी हे विचार. अंतर २-३ गुणांचं असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवून बेरीज तपासणं परवडतं; एकाच पेपरात ७ गुण वाढण्याची आशा मी तरी धरणार नाही. शिवाय काही ठिकाणी गुण कमीही होतात, आणि सुधारित निकाल प्रवेशाच्या मुदतीनंतर आला तर तो धरतीलच असं नाही.