नवीन आलीयेस ना वॉर्डात, मग इंजेक्शनचं हे एकदा नीट वाच

आयव्ही, आयएम, सबक्यूट हे पाठ करू नकोस गं, एक केस डोळ्यासमोर ठेव. मागच्या द्राक्षाच्या सीझनला निफाडकडून एक मजूर आला, मधमाशी चावलेली, अंगभर गांध्या, घशात घरघर, बीपी पडलेलं. डॉक्टरांची ऑर्डर अ‍ॅड्रिनलिन 0.5 एमएल, 1:1000 चं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत.

कातडीखाली का नाही? तिथे ते औषध रक्तवाहिन्या आवळतं आणि स्वतःच तिथे अडकून पडतं, रक्तात चढायला अर्धा तास जाऊ शकतो, मांडीच्या स्नायूतून दहाएक मिनिटांत चढतं. शिरेतून तर सेकंदात जातं, पण तोच डोस तसाच झटकन ढकलला तर हार्टची लय बिघडते, म्हणून ते आयसीयूवाल्यांनी मॉनिटर लावून पातळ करूनच द्यायचं.

इन्सुलिन मात्र मुद्दाम कातडीखाली, कारण ते हळूच हवं. कातडीखाली कुठलंही औषध 1 एमएलच्या आसपासच बसतं, दंडाच्या स्नायूत साधारण तेवढंच, मोठ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूत 5 पर्यंत, त्याहून जास्त एका जागी नाही. आणि तेलातलं इंजेक्शन शिरेत कधीच नाही, तेलाचा थेंब फुफ्फुसात जाऊन अडकतो.